संदर्भ : निरंक

निवृत्त शिक्षकाला गावात दोनच कामं उरतात. एक, कुणाच्याही सत्काराला पहिल्या रांगेत बसणं आणि दुसरं, दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणं. पहिल्या कामात नारळ मिळतो, दुसऱ्यात चहा. इंदापुरात मी गेली काही वर्षं चहावर आहे. शेतरस्त्याचा अर्ज, विहिरीचा अर्ज, ‘माझी व माझ्या भावाची नावे सातबाऱ्यावर चुकून एकत्र आली आहेत’ असा अर्ज. हात इतका बसलाय की ‘महोदय’पर्यंत पेन आपोआप चालतं, डोकं नंतर लागतं.

म्हणून आषाढात भाचा आला तेव्हा मी न विचारता कागद ओढला. तुकोबांची पालखी नुकतीच सराटीकडे गेली होती आणि रस्त्यावरचे मांडव अजून उतरायचे होते. ‘प्रति’ लिहिलं. ‘विषय : नोकरी मिळणेबाबत’ लिहिलं. ‘संदर्भ’ लिहून दोन टिंबं दिली आणि विचारलं, “जाहिरात कुठल्या तारखेची?”

“जाहिरात नाय, मामा.”

“मग जागा निघालीय हे कळलं कुठून?”

“जागा पण नाय.”

पेन थांबलं. पत्ता चुकलेले, तारीख चुकलेले, एकदा तर अर्जदारच चुकलेला असे सगळे अर्ज मी लिहिलेत. पण ज्याला संदर्भच नाही असा अर्ज म्हणजे पत्रिका नसताना पंगतीत बसणं. आमच्याकडे तसं बसता येतं, नाही असं नाही, पण आत कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं.

तेच मी त्याला म्हणालो. आमच्या भागात जाहिरातीवर विश्वास ठेवणारा माणूस अजून मी पाहिलेला नाही. पेपरात जाहिरात आली की लोक समजतात, जागा भरली, आता कागद पुरे करतायत. त्यामुळे सगळ्याच जागा बिनजाहिरातीच्या आणि सगळ्यांचा उपाय एकच : चिठ्ठी. कुणाची चिठ्ठी हे ज्याचं त्यानं ठरवावं. तालुक्यात चिठ्ठी देणाऱ्यांची टंचाई कधीच पडलेली नाही. पाण्याची पडते.

“चिठ्ठी नको,” भाचा म्हणाला. “माझ्याकडं वही हाय.”

त्यानं पिशवीतून शंभरपानी वही काढली. वरच्या कव्हरवर ग्रीसचा अंगठा होता. भाचा डिप्लोमा झालेला. पण डिप्लोमा भिंतीवर आणि तो ट्रॅक्टरवर. गेल्या हंगामात त्यानं दोन ट्रॉल्या जोडून एका साखर कंपनीला ऊस वाहिला. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या तालुक्यात कुठल्याही गच्चीवरून एखादी चिमणी दिसतेच, वाचकानं हवी ती धरावी.

वहीत चार रकाने होते. ऊस तुटायला लागला ती वेळ, गाडी फडातून निघाली ती वेळ, काट्यावर वजन झालं ती वेळ, आणि गव्हाणीपाशी गाडी रिकामी झाली ती वेळ. अशा ४३ खेपा. ट्रॅक्टरवाले केनयार्डात रांगेत पडले की कुणी झोपतं, कुणी मोबाईलवर तमाशा बघतं. हा वेळा लिहीत बसला होता. घराण्यात शिक्षक असल्याचे दुष्परिणाम.

त्याचं म्हणणं साधं होतं. त्याच्या खेपांमध्ये ऊस तुटल्यापासून रिकामा होईपर्यंत सरासरी ३१ तास गेले होते, आणि त्यातले १९ तास गाडी नुसती रांगेत उभी होती. तुटलेला ऊस हा काही सुतळीचा बिंडा नव्हे. तो तुटल्यावरही जिवंत असतो आणि आपलीच साखर खायला लागतो. उसातलंच एक विकर खऱ्या साखरेचे तुकडे करून तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ती गोड लागते, पण तिचे दाणे पडत नाहीत. शिवाय कोयत्यानं उघडलेल्या टोकातून जंतू शिरतात आणि चिकट डेक्स्ट्रान तयार करतात. त्यानं रस बुळबुळीत होतो, गाळायला जड जातो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सगळं दुप्पट घाईनं चालतं. म्हणून ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असं शेतकी खात्याचा प्रत्येक माणूस सांगतो. सांगतो आणि रांगेकडे पाठ करून उभा राहतो.

“मला एवढंच म्हणायचंय की ही रांग मी कमी करतो, मला ठेवा,” भाचा म्हणाला.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, असे अर्ज पूर्वीही झालेत. मिलानच्या राज्यकर्त्याला १४८२ च्या सुमारास एका माणसानं न मागता पत्र लिहिलं होतं. मी हलके पूल बांधतो, तोफा करतो, किल्ल्याखालून भुयार काढतो, असं एकामागून एक लढाईचं सामान मोजलं आणि पार शेवटी, जाता जाता लिहिलं की चित्रंही बरी काढतो. तो लिओनार्दो दा विंची. राज्यकर्त्याच्या उशाशी लढाई होती, म्हणून चित्रकारानं तोफा विकल्या. आणि लांब कशाला, आपलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, ते वालचंद हिराचंद १९३९ साली विमानप्रवासात पॉली नावाच्या अमेरिकन विमानवाल्याला भेटले. त्यातून पुढच्याच वर्षी बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. देशात विमानाच्या कारखान्याची जाहिरात निघाली होती का?

भाच्यानं मान डोलवली. मग म्हणाला, “पण मामा, त्यांच्याकडं पैसा हुता.”

यावर मी चहा मागवला.

पहिला मसुदा त्यानं स्वतःच करून आणला होता. त्यात ‘मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून’ होतं, ‘संधी दिल्यास सोने करीन’ होतं, आणि मधोमध एक वाक्य ठळक करून : ‘मी आपला साखर उतारा एक टक्क्याने वाढवून देतो.’

हे वाक्य वाचून मला घाम आला. मी गणित शिकवलंय. दिवसाला ५००० टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा नुसता ०.१ टक्का वाढला तरी रोज ५ टन, म्हणजे ५० पोती नव्हे, ५० क्विंटल साखर जास्त निघते. क्विंटलला साडेतीन हजार धरले तर रोजचे पावणेदोन लाख. एक टक्का म्हणजे त्याच्या दहापट. रोज साडेसतरा लाख मिळवून देणारा माणूस अर्ज करत नाही, त्यालाच लोक अर्ज करतात.

“एक टक्का कशावरून?”

त्यानं खिशातून पेनाएवढी नळी काढली. हँड ब्रिक्स मीटर. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आकडा दिसतो. त्यानं बांधावर प्रयोग केला होता. ताज्या उसाचा ब्रिक्स १९ आला. तोच ऊस दोन दिवस ट्रॉलीखाली सावलीत ठेवला आणि पुन्हा पाहिला तर २०.

“म्हणजे वाढला?” मी विचारलं.

“तेच कळंना. शिळ्या उसात साखर जास्त कशी? म्हणून मी आकडा उलटा धरून एक टक्का तोटा लिहिला.”

मामाला रसायनशास्त्र येत नाही, पण मामाचा एक जुना विद्यार्थी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. त्याला फोन लावला. तो इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मग त्यानं नीट सांगितलं. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात जे जे विरघळलंय, त्या सगळ्याची ती बेरीज. ऊस वाळला की पाणी उडतं, रस दाट होतो, ब्रिक्स वर चढतो. साखरेचे तुकडे झाले तरी ते तुकडेही ब्रिक्समध्ये मोजले जातात. खरी साखर कळते ती पोलमध्ये, आणि पोल किती ब्रिक्समागे किती, हा जो भागाकार, ती शुद्धता. शिळ्या उसात ब्रिक्स चढलेला आणि शुद्धता पडलेली, अशी जोडी दिसली की केमिस्टला कळतं, गाडी कुठंतरी झोपली होती. पण पोल मोजायला पोलरीमीटर लागतं, ते ट्रॉलीत बसत नाही.

“सर, पोराला सांगा, ब्रिक्स मीटरचा आकडा अर्जात घातला तर आमचे साहेब पहिल्या ओळीतच चहा सांडतील.”

म्हणजे भाच्याकडे साखरेचा आकडाच नव्हता. त्याचा चेहरा पडला. वही मिटून तो निघाला होता, मी खांद्याला धरून बसवला. कारण मला तेव्हा कळलं की अर्ज आत्ता कुठं सुरू होतोय. साखरेचा आकडा कंपनीकडे आहे, तासाचा नाही. काट्याच्या पावतीवर वजन झालं ती वेळ असते. फडातून निघताना जी स्लिप मिळते तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गट, उसाची जात, टोळी, गाडी नंबर सगळं असतं; पण ऊस तुटला कधी, ही वेळ भाच्याला मिळालेल्या एकाही स्लिपवर नव्हती. म्हणजे कारखान्याला गाडीत किती ऊस आहे ते किलोपर्यंत ठाऊक, पण तो सकाळचा की परवाचा हे ठाऊक नाही. ते तोंडाकडे बघून ठरवायचं. गाडीवानाच्या तोंडाकडे बघून उसाचं वय सांगणारे लोक यार्डात आहेत, पण त्यांच्यावर शुद्धता निघत नाही.

मग आम्ही दोघं वहीवर आडवे झालो. ४३ खेपा वजनाच्या वेळेनुसार लावल्या तेव्हा गंमत दिसली. रांग सगळ्यांना सारखी नव्हती. टोळ्या पहाटे फडात उतरतात, दुपारपर्यंत गाडी भरते, आणि म्हणून सगळ्या गाड्या संध्याकाळी पाच ते नऊच्या दरम्यान यार्डावर आदळतात. त्या वेळेला आलेल्या खेपा रात्रभर पडून. पण पहाटे चार-पाचला पोहोचलेल्या सात खेपा दोन-तीन तासांत रिकाम्या. त्यातल्या तिघींच्या पुढं भाच्यानं समासात लिहिलं होतं : ‘नो केन.’ म्हणजे त्या पहाटे गव्हाण रिकामी होती, मिल उसाअभावी थांबली होती आणि भोंगा देऊन गाड्यांची वाट बघत होती. एकाच दिवशी रात्री दीडशे गाड्यांची रांग आणि पहाटे मिल उपाशी. लग्नात पहिल्या पंगतीला चेंगराचेंगरी व्हावी आणि शेवटच्या पंगतीला वाढपीच जेवावेत, तसं.

इथं एक मुद्दा भाच्यानं फार पोटतिडकीनं मांडला. वाळलेल्या उसाचं वजन घटतं, त्यात शेतकरी मरतो. त्यानं एक मोळी तोलून, दोन दिवसांनी पुन्हा तोलून पाहिली होती. खरं आहे. पण मी तो मुद्दा काढून टाकला. आमचं यावर भांडण झालं.

“मामा, तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूचं नाय.”

“मी अर्जाच्या बाजूचा आहे. कंपनी पैसे वजनावर देते. ऊस वाळून हलका झाला तर तिचं देणं हलकं होतं. तू तिला सांगणार की मला ठेवा, मी तुमचं बिल वाढवतो?”

तो बराच वेळ गप्प बसला. ज्याच्या नावे पत्र, त्याचंच नुकसान पत्रात यावं, दुसऱ्याचं नाही, हे त्याला पटलं, आवडलं नाही. मलाही आवडलं नव्हतं. ते वाक्य त्यानं ग्रामसभेसाठी राखून ठेवलंय.

आता ‘प्रति’ कोण? जनरल मॅनेजर म्हणजे पत्र फिरत फिरत खाली येणार आणि येता येता त्याचा भजीचा कागद होणार. चीफ केमिस्ट? उतारा पडला की शिव्या त्यालाच बसतात, त्यामुळे तो पत्र वाचील, पण यार्ड त्याच्या हातात नाही. यार्ड, स्लिपा, टोळ्या, नंबर सगळं मुख्य शेतकी अधिकाऱ्याकडे. पण त्याला ‘तुमच्याकडे १९ तास रांग लागते’ असं लिहिणं म्हणजे अर्ज नव्हे, तक्रार. तक्रारीला आमच्याकडे उत्तर येतं, पण ते घरी येतं आणि दोघं-तिघं घेऊन येतं. म्हणून सगळं पत्र असं फिरवलं की दोष माणसाचा नाही, रकान्याचा. स्लिपवर एक चौकोन कमी आहे. चौकोनाला कुणाचा जावई लागत नाही.

वेळही महत्त्वाची. हेच पत्र जानेवारीत गेलं असतं तर अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच्याआधी तीनशे शेतकरी बसलेले असते. आषाढ-श्रावणात टोळ्यांचे करार चाललेले असतात, उचल वाटली जाते, नोंदीवरून तोडणी कार्यक्रम आखला जातो, आडसाली कधी, खोडवा कधी ते ठरतं. स्लिपबुकं छापायला जातात तीही याच दिवसांत. छापून आलेल्या स्लिपबुकात चौकोन वाढवायला सांगणारा माणूस कुणालाच नको असतो.

पगाराचा प्रश्न आला. भाचा म्हणाला, पहिला महिना फुकट करतो. मी नको म्हटलं. फुकट काम करणाऱ्याबद्दल आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, हा कुणाचा माणूस? मागितलेले पैसे लोकांना समजतात. न मागितलेल्यांची चौकशी होते.

पाच मसुद्यांनंतर पत्र एका पानावर आलं. ‘होतकरू’ गेला, ‘सोनं’ गेलं, लिओनार्दोही गेला; त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

‘प्रति, मा. मुख्य शेतकी अधिकारी. विषय : ऊस स्लिपवर तोडणीची वेळ नोंदवून एका गटातील गाड्यांचे नंबर त्यानुसार लावण्याबाबत. महोदय, मी गत हंगामात आपल्याकडे ट्रॅक्टरने ऊस वाहतूक केली. माझ्या ४३ खेपांच्या वेळा मी नोंदवल्या आहेत. तोडणीपासून रिकामे होईपर्यंत सरासरी ३१ तास, पैकी १९ तास यार्डात. सायंकाळी आलेल्या गाड्या रात्रभर थांबल्या. पहाटे आलेल्या लगेच रिकाम्या झाल्या व तीन वेळा त्या सुमारास गव्हाण रिकामी होती. या नोंदी एकाच गाडीच्या आहेत, त्यामुळे सर्व गाड्यांना हेच लागू असेल असे माझे म्हणणे नाही. साखरेवर परिणाम किती, हे मला मोजता येत नाही; ते आपल्या प्रयोगशाळेत कळू शकेल. येत्या हंगामात एका गटातील दोन टोळ्यांसाठी पंधरा दिवस मी हे काम करू इच्छितो : स्लिपवर तोडणीची वेळ लिहिणे, निम्म्या गाड्या पहाटे पोहोचतील अशा भरण्याच्या वेळा टोळीशी ठरवणे, आणि रोज संध्याकाळी तासांचा तक्ता आपणास देणे. जमले नाही तर तक्त्यातच दिसेल. या पंधरा दिवसांचा मोबदला स्लिपबॉयइतका असावा. वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.’

‘एकाच गाडीच्या आहेत’ हे वाक्य भाच्याला खुपत होतं. आपणच आपलं कमी कशाला सांगायचं? मी म्हटलं, तो अधिकारी तीस हंगाम काढलेला माणूस आहे. हे वाक्य तू लिहिलं नाहीस तर वाचताना तो स्वतः म्हणणार, आणि तुझ्यापेक्षा वाईट शब्दांत.

आणि एक अडचण भाच्यानं स्वतः काढली, ती मला सुचली नसती. टोळीला पहाटे गाडी पोहोचवायची तर भरणी रात्री करावी लागणार. बीडकडनं आलेली माणसं, कोपीत लेकरं, दिवसभर तोड करून रात्री डोक्यावर मोळ्या. ते का ऐकतील? म्हणून ‘टोळीशी ठरवणे’ हे शब्द. ‘टोळीस सांगणे’ असं मी लिहिलं होतं, त्यानं खोडलं. निम्म्याच गाड्या, आणि रात्री भरणीला जास्तीचे पैसे किती, हे मुकादमाशी बसून. ते पैसे कोण देणार हे पत्रात नव्हतं. ते पंधरा दिवसांतच कळणार होतं, किंवा त्यावरच सगळं मोडणार होतं.

राहिला ‘संदर्भ’. तिथं काय लिहावं यावर मी अर्धा दिवस घालवला. रिकामं सोडलं तर माझा तीस वर्षांचा हात शरमेनं मरेल. भाचा म्हणाला, ओळच काढून टाका. मी शेवटी सरकारी भाषेतला सर्वात सुंदर शब्द वापरला. संदर्भ : निरंक.

रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोच ठेवली. बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी फोन आला. कुणीतरी कारकून होता. त्यानं विचारलं, “हे पत्र कुणी पाठवायला सांगितलं?”

“कुणी नाय. मीच.”

“अहो, पण कुणाचे तुम्ही?”

“वडलांचा,” भाचा म्हणाला. पलीकडून फोन ठेवला गेला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी टपाल आलं. लिफाफ्यावर कंपनीचा शिक्का. आत चार ओळी, खाली वाचता येणार नाही अशी अस्सल सही. ‘सध्या आमच्याकडे कोणतेही पद रिक्त नाही. तथापि, मूळ वहीसह कार्यालयीन वेळेत समक्ष भेटावे.’

भाचा म्हणाला, “मामा, म्हणजे लागलो का नाय?”

मला सांगता येईना. ‘तथापि’ हा शब्द आयुष्यभर लिहिला, तो माझ्या बाजूनं वापरलेला पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्याही वरची ओळ मी परत परत वाचत होतो. ‘संदर्भ : आपले दिनांक अमुकचे पत्र.’

मी त्याला दोन झेरॉक्स काढायला पाठवलं. एक त्याला. दुसरी माझ्या फायलीला. पुढचा कुणी जाहिरात नसताना आला तर ‘संदर्भ’मध्ये जोडायला काहीतरी हाताशी असावं.